डिले, बेरीज आणि मधली तार: ब्लॉक डायग्राममधून इम्पल्स रिस्पॉन्स आणि ट्रान्सफर फंक्शन

डिजिटल ध्वनीवर काम करणाऱ्या बहुतेक रेषीय यंत्रणा तीनच भागांच्या जोडणीतून उभ्या राहतात. पहिला भाग म्हणजे डिले, जो आलेला नमुना ठरावीक काळ धरून ठेवतो आणि मग जसाच्या तसा पुढे सोडतो. दुसरा गुणक, जो येणाऱ्या आकड्याला एका स्थिर संख्येने गुणतो. तिसरा अ‍ॅडर, जो दोन वाटांनी आलेल्या आकड्यांची बेरीज करतो. ब्लॉक डायग्राम म्हणजे या भागांची जोडणी. अशा आकृतीबद्दल दोन प्रश्न विचारले जातात. एकच टिचकी दिली तर बाहेर काय काय येईल? आणि वेगवेगळ्या वारंवारतांना ही यंत्रणा कशी वागवेल? पहिल्याचे उत्तर इम्पल्स रिस्पॉन्स देतो, तर दुसऱ्याचे ट्रान्सफर फंक्शन. दोन्ही उत्तरे एकाच आकृतीतून निघतात आणि एकमेकांची पडताळणीही करतात.

यासाठी एक खरी आकृती घेणे सोयीचे. १९६१ मध्ये बेल टेलिफोन लॅबोरेटरीजमधील मॅनफ्रेड श्रोडर आणि बेन लोगन यांनी कृत्रिम घुमाऱ्यासाठी एक रचना मांडली. मोठ्या सभागृहात आवाज घुमतो तसा परिणाम त्यांना हवा होता, पण मूळ आवाजाचा पोत न बिघडवता. ही रचना आज श्रोडर ऑलपास म्हणून ओळखली जाते. तिच्यात दोन अ‍ॅडर, दोन गुणक आणि एक डिले एवढेच भाग आहेत.

आकृती अशी. डावीकडून इनपुट x पहिल्या अ‍ॅडरमध्ये शिरतो. या अ‍ॅडरमधून निघालेली तार पुढे दोन वाटांना फुटते. एक वाट M नमुन्यांच्या डिलेमध्ये जाते. दुसरी −g या गुणकातून थेट उजवीकडच्या दुसऱ्या अ‍ॅडरकडे जाते. डिलेमधून बाहेर पडलेला सिग्नलही दोन वाटांनी जातो: एक वाट सरळ दुसऱ्या अ‍ॅडरकडे, तर दुसरी g या गुणकातून मागे वळून पहिल्या अ‍ॅडरकडे. दुसऱ्या अ‍ॅडरमधून जे निघते ते आउटपुट y. येथे g ही ० आणि १ यांच्यामधली संख्या आहे.

आकृतीत मागे वळणारी वाट असल्यामुळे आउटपुटचे समीकरण एका झटक्यात लिहायला गेले की गुंता होतो. x पासून निघून y कडे जाताना वाटेत वळसा लागतो आणि वळशातून पुन्हा त्याच ठिकाणी यावे लागते. यातून सुटण्याचा मार्ग म्हणजे ज्या तारेवर वळसा येऊन मिळतो त्या तारेला स्वतंत्र नाव द्यायचे. येथे ती पहिल्या अ‍ॅडरच्या लगेच पुढची तार आहे. तिला w म्हणावे. ती नामांकित झाली की डिलेच्या पलीकडच्या तारेला वेगळे नाव लागत नाही, कारण तिच्यावर w चेच जुने नमुने असतात, म्हणजे w[n−M]. आता प्रत्येक अ‍ॅडरसाठी एक समीकरण लिहायचे. त्यात शिरणारे सगळे उजवीकडे आणि त्यातून निघणारा डावीकडे:

w[n] = x[n] + g·w[n−M]

y[n] = −g·w[n] + w[n−M]

आकृतीत जितके अ‍ॅडर, तितकी समीकरणे. यापुढे आकृतीकडे पाहण्याची गरज उरत नाही.

इम्पल्स रिस्पॉन्स काढताना x[0] = 1 आणि बाकी सर्व x शून्य धरतात. शिवाय सुरुवातीला डिले पूर्ण रिकामा आहे, असे मानावे लागते. हाताने करून पाहण्यासाठी M = 3 आणि g = 0.7 घेऊ. n = 0 ला डिलेतून काहीच बाहेर येत नाही, म्हणून w[0] = 1 आणि y[0] = −0.7. पुढच्या दोन क्षणी x शून्य आणि डिलेही शून्यच देतो, म्हणून आउटपुट शून्य. n = 3 ला आधीचा 1 डिलेतून बाहेर पडतो. तो 0.7 ने गुणला जाऊन मागे येतो, म्हणून w[3] = 0.7. उजव्या अ‍ॅडरमध्ये त्याच क्षणी दोन गोष्टी पोचतात: डिलेतून आलेला 1 आणि सरळ वाटेने आलेला −0.7 × 0.7 = −0.49. म्हणून y[3] = 0.51. n = 6 ला w[6] = 0.49 आणि y[6] = 0.7 − 0.343 = 0.357. n = 9 ला y[9] = 0.49 − 0.2401 = 0.2499.

आकड्यांची चाल येथे उघड होते. पहिला −0.7, मग 0.51, आणि त्यानंतरचा प्रत्येक आकडा आधीच्याच्या 0.7 पट. सामान्य रूपात, w वर दर M नमुन्यांनी 1, g, g² अशी भूमिती श्रेढी उमटते. दुसऱ्या समीकरणात ती घातली, की

h[0] = −g

h[kM] = (1 − g²)·g^(k−1), k = 1, 2, 3, …

आणि इतर सर्व ठिकाणी शून्य. पहिली उलट चिन्हाची टिचकी आणि तिच्यामागून क्षीण होत जाणारे प्रतिध्वनी, असा हा प्रतिसाद आहे. तो कधी संपत नाही, पण g एकपेक्षा लहान असल्याने विरत जातो.

ट्रान्सफर फंक्शनसाठी तीच दोन समीकरणे z-ट्रान्सफॉर्ममध्ये लिहितात. यात M नमुन्यांचा डिले म्हणजे z^(−M) ने गुणणे. त्यामुळे काळाबद्दलची समीकरणे साध्या बीजगणितात उतरतात:

W = X + g·z^(−M)·W

Y = −g·W + z^(−M)·W

पहिल्यातून W = X / (1 − g·z^(−M)) मिळते. ते दुसऱ्यात घातले की मधली तार निघून जाते:

H(z) = Y/X = (−g + z^(−M)) / (1 − g·z^(−M))

छेदाकडे पाहिले तर त्यात फक्त वळसा दिसतो, अंशात फक्त पुढे जाणाऱ्या वाटा. तिरकस गुणाकार करून पुन्हा काळाकडे वळल्यास y[n] = g·y[n−M] − g·x[n] + x[n−M] हे समीकरण मिळते. ते त्याच यंत्रणेचे आहे, पण जसेच्या तसे चितारले तर त्यात x साठी एक आणि y साठी एक असे दोन डिले लागतात. वरच्या आकृतीत एकाच डिलेवर भागते. म्हणजे एका ट्रान्सफर फंक्शनच्या अनेक आकृत्या असू शकतात. H(z) वरून आकृती एकमेव ठरत नाही.

दोन मार्गांनी काढलेली उत्तरे जुळतात का, हे लगेच पाहता येते. 1 / (1 − g·z^(−M)) ही श्रेढी 1 + g·z^(−M) + g²·z^(−2M) + … अशी उलगडते. तिला −g + z^(−M) ने गुणले, की z^(−M) चा सहगुणक 1 − g², त्यापुढचा g·(1 − g²), आणि असेच पुढे. हाताने मोजलेले आकडे तेच सांगत होते.

आता या यंत्रणेला ऑलपास का म्हणतात ते पाहू. फक्त वळसा असलेली साधी रचना, म्हणजे 1 / (1 − g·z^(−M)), काही वारंवारतांना 1/0.3, म्हणजे सुमारे ३.३३ पट मोठे करते, तर त्यांच्या मधल्या वारंवारतांना 1/1.7, म्हणजे सुमारे ०.५९ पटीपर्यंत लहान. एकट्या अशा रचनेतून आवाज गेला की तो धातूच्या नळीतून येतो तसा वाटतो. श्रोडरच्या रचनेत ही चढउतार नाहीशी होते. वारंवारता मोजताना z एकक वर्तुळावर घेतात, म्हणून p = z^(−M) हाही त्याच वर्तुळावरचा बिंदू. अंशाचे मोजमाप म्हणजे p पासून g पर्यंतचे अंतर. छेदाला p च्या संयुग्म संख्येने गुणले तर मोजमाप बदलत नाही आणि ते p च्या आरशातल्या प्रतिमेपासून g पर्यंतचे अंतर होते. g वास्तव संख्या असल्याने ही दोन अंतरे समानच. म्हणून प्रत्येक वारंवारतेला |H| = 1. बदलते ती फक्त फेज.

हाच गुण इम्पल्स रिस्पॉन्समध्येही सापडतो. सर्व आकड्यांच्या वर्गांची बेरीज घेतली तर g² + (1 − g²)² / (1 − g²) = 1. आपल्या उदाहरणात 0.49 + 0.51 = 1. टिचकीत जितकी ऊर्जा होती तितकीच संपूर्ण प्रतिसादात वाटली जाते.

याच बेरजेचा उपयोग चूक पकडण्यासाठी होतो. या आकृतीत सर्वाधिक होणारी चूक चिन्हाची आहे. सरळ वाटेवरचा −g चुकून +g झाला, तर h[0] = 0.7, h[M] = 1.49 आणि वर्गांची बेरीज सुमारे ४.८४ येते. शून्य वारंवारतेवर, म्हणजे z = 1 ला, बरोबर रचना ठीक 1 देते; चुकलेली 1.7/0.3, म्हणजे सुमारे ५.६७. दुसरी चूक डिलेच्या कुठल्या बाजूने वाट काढली याची आहे. सरळ जाणारी वाट डिलेच्या पुढून घेतली, तर h[0] शून्य येतो. बाहेर पहिला आकडा कोणत्या क्षणी आला, एवढे पाहिले तरी ही चूक कळते.

तिसरी अडचण गणिताची नसून गणनेची आहे. वळशात एकही डिले नसेल, तर w[n] काढण्यासाठी आधी w[n] च हवा, अशी स्थिती येते. बीजगणिताने H(z) निघू शकतो, पण यंत्र नमुन्यामागून नमुना मोजू शकत नाही. म्हणून प्रत्येक बंद वळशात किमान एक डिले असतो की नाही, हे समीकरणे लिहिण्याआधीच तपासावे लागते.

मर्यादाही आकृतीतूनच दिसतात. |g| एकपेक्षा लहान असेल तरच प्रतिसाद विरतो; g = 1.1 घेतला, तर H(z) चे सूत्र तसेच उभे राहते, पण वळशातील सिग्नल फुगत जातो. H(z) वापरताना डिले सुरुवातीला रिकामे होते, हेही गृहीत असते. यंत्र आधीच चालू असेल आणि डिलेत जुने नमुने उरले असतील, तर आउटपुटमध्ये त्यांचा भाग वेगळा मिळवावा लागतो.

प्रत्यक्षात डिले ३ नमुन्यांचा नसतो. सेकंदाला ४८,००० नमुने असतील तर २४० नमुन्यांचा डिले ५ मिलिसेकंद होतो. g = 0.7 असताना प्रतिध्वनी हजारपट क्षीण होण्यास सुमारे १९ फेऱ्या, म्हणजे जवळपास एक दशांश सेकंद लागतो. एक घटक सेकंदाला फक्त २०० प्रतिध्वनी देतो, आणि ते एकसारख्या अंतराने येत असल्याने कानाला खडखड जाणवते. श्रोडरच्या मते सेकंदाला सुमारे १००० प्रतिध्वनी तरी हवेत. म्हणून असे घटक वेगवेगळ्या डिलेसह एकामागून एक जोडतात. येथे ट्रान्सफर फंक्शनची सोय दिसते. मालिकेत जोडलेल्या घटकांचे H एकमेकांत गुणले जातात, आणि प्रत्येकाचे मोजमाप 1 असल्याने गुणाकाराचेही 1 च राहते. तेच काम इम्पल्स रिस्पॉन्सने करायचे, तर प्रत्येक घटकाच्या आकड्यांचे कन्व्होल्यूशन करावे लागेल. ते कष्टाचे असले, तरी एकूण प्रतिध्वनी किती दाट झाले हे मात्र त्यातूनच दिसते.