खेळत असलेल्यांचीही मोजणी

कसोटी क्रिकेटपटूची कारकीर्द सरासरी किती वर्षांची असते? हिशेब सोपा वाटतो. निवृत्तांची यादी घ्यावी, प्रत्येकाची वर्षे मोजावी, बेरजेला संख्येने भागावे. पण हे उत्तर कमी भरते, कारण जे अजून मैदानावर आहेत ते या यादीत येतच नाहीत आणि लांब पल्ल्याचे खेळाडू नेमके त्यांच्यातच असतात.

ही अडचण एडवर्ड कॅपलन आणि पॉल मायर या अमेरिकी संख्याशास्त्रज्ञांनी 1958 साली सोडवून दाखवली. कॅपलन यांच्यापुढे समुद्राखालच्या टेलिफोन केबलमधल्या निर्वात नळ्यांचे आयुष्य होते, तर मायर यांच्यापुढे रुग्णांचे. दोघांनाही एकच पेच पडला होता: ज्यांचा शेवट अजून झालेला नाही, त्यांची नोंद कशी धरायची?

समजा, दहा खेळाडूंनी पदार्पण केले. दोन वर्षांनी एक निवृत्त झाला. दहापैकी नऊ टिकले, म्हणजे 90 टक्के. दुसऱ्या एकाला पदार्पण करून चारच वर्षे झाली आहेत आणि तो खेळतोच आहे. त्याला बाद धरायचे नाही. चार वर्षांपर्यंत मोजायचे आणि मग हिशेबातून अलगद बाजूला काढायचे. उरले आठ. पाचव्या वर्षी त्यांतले दोघे थांबले, म्हणजे तीनचतुर्थांश टिकले. 90 टक्क्यांचे तीनचतुर्थांश 67.5 टक्के. सातव्या वर्षी आणखी एकाची नोंद अशीच अर्धवट सुटली. आठव्या वर्षी उरलेल्या पाचांपैकी दोघे गेले. 67.5 टक्क्यांचे तीनपंचमांश 40.5 टक्के. आलेख पायरीपायरीने उतरतो आणि आठव्या वर्षी निम्म्याखाली जातो. नुसत्या पाच निवृत्तांची सरासरी मात्र 5.6 वर्षेच निघाली असती.

खरी कसरत ‘निवृत्त’ कोणाला म्हणायचे याची आहे. बरेच खेळाडू निवृत्ती जाहीर करत नाहीत, त्यांना नुसते वगळले जाते. म्हणून काही वर्षे सामना नसेल तर कारकीर्द संपली, असा नियम अभ्यासकाला ठरवावा लागतो. करुण नायर डिसेंबर 2016 मध्ये चेन्नईत 303 धावांवर नाबाद राहिला आणि मार्च 2017 नंतर संघाबाहेर गेला. दोन वर्षांचा नियम लावला असता तर त्याची कारकीर्द जेमतेम चार महिन्यांची ठरली असती. जून 2025 मध्ये तो लीड्सला पुन्हा कसोटी खेळला. त्यामुळे एक, दोन आणि पाच वर्षे असे वेगवेगळे नियम लावून आलेख किती सरकतो, हे तपासावे लागते.

आलेखाचे उजवे टोक तर आणखी नाजूक. सचिन तेंडुलकर नोव्हेंबर 1989 ते नोव्हेंबर 2013, अशी 24 वर्षे कसोटी खेळला. असा खेळाडू ज्या गटात असेल, तिथे शेवटची कित्येक वर्षे आलेख त्याच्या एकट्याच्या जोरावर सपाट चालतो आणि वानखेडेवरच्या त्या निरोपाच्या दिवशी एका पायरीत शून्यावर येतो.