शंभराच्या पुढचं एक युनिट



अब्बा गेल्यानंतर घरचं वीजबिल भरायचं काम माझ्याकडे आलं. तोवर मी बिलाचा फक्त शेवटचा आकडा पाहिला होता. अम्मी मात्र मीटरवर डोळा ठेवून असायची. महिन्याचे शंभर युनिट जवळ आले की भर उन्हाळ्यात पंखा बंद. एक युनिट जरी जास्त झालं तरी सगळीच युनिटं चढ्या दराने लागतात, असं तिला वाटायचं. मी अ‍ॅनिमेशन करायला घेतलं ते यामुळे.

पहिल्या प्रयत्नात अख्खं बिल पडद्यावर आणलं आणि रकान्यारकान्याला बाण जोडले. अम्मीने शेवटपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "मग पंखा लावू की नको?"

दुसऱ्यांदा सुरुवात मीटरपासून केली. मागील रीडिंग 4312, चालू रीडिंग 4452. वजाबाकी केली की वापर निघतो, 140 युनिट. मग दोन टाक्या दाखवल्या. पहिलीत शंभरच युनिटं मावतात. ती भरली की वरची चाळीस दुसरीत पडतात. समजण्यापुरता पहिल्या टाकीचा दर 5 रुपये आणि दुसरीचा 10 धरला, तर 500 अधिक 400, म्हणजे 900 रुपये. अम्मीच्या हिशेबाने ते 1400 झाले असते. महाग पडतात ती फक्त वरची चाळीस. पहिल्या शंभरांचा दर बदलत नाही. महावितरणच्या घरगुती बिलात वीज आकार असाच टप्प्याटप्प्याने लागतो.

खरे दर वीज नियामक आयोग ठरवतो आणि ते बदलत राहतात. म्हणून दरांचे आकडे मी चित्रात कोरले नाहीत, वेगळ्या थरावर ठेवले. नवे दर आले की तेवढाच थर बदलायचा.

टाक्यांशेजारी एक वीट ठेवली. तो स्थिर आकार, घर बंद असलं तरी लागणारा. त्यानंतर युनिटमागे लागणारा वहन आकार, आणि शेवटी या आकारांवरचं वीज शुल्क. एका वेळी पडद्यावर एकच वस्तू हलते.

मागची थकबाकी वेगळ्या रंगात दाखवली, कारण एकूण रक्कम फुगलेली दिसली की लोक या महिन्याच्या वापराला दोष देतात. शेवटी कॅलेंडर येतं. देय तारीख उलटली की छोटी रक्कम पुसली जाते आणि तिच्या जागी मोठी येते.

एक चूक मात्र अ‍ॅनिमेशन पकडू शकत नाही. मीटर वाचता आलं नाही तर बिल सरासरीने येतं. म्हणून शेवटच्या चित्रात मीटर आणि बिल शेजारी-शेजारी ठेवले आहेत. बिलातलं चालू रीडिंग मीटरपेक्षा जास्त असेल, तर तक्रार करताना मीटरचा फोटो सोबत द्या.

अम्मीने हे आवाज बंद करून पाहिलं. टाकी भरून वाहिली तेव्हा ती उठली आणि तिने पंखा लावला.