फोटोतला आलेख वाचताना

समजा, मारतहळ्ळीच्या पुलाजवळून बस निघाली आणि बाह्य वर्तुळाकार रस्त्याच्या एका सरळ टप्प्यात पुढच्या सिग्नलला थांबली. तिचा वेग-काल आलेख वहीत काढलाय आणि फोनवर त्याचा फोटो आलाय. पहिला मोह होतो पडद्यावर पट्टी लावायचा. तो टाळा. फोन तिरका धरला असेल, तर लांबच्या बाजूचे चौकोन लहान दिसतात. पट्टी फसते, चौकोन मोजले तर फसगत होत नाही.

रेषा जिथे वळते, ते बिंदू आधी वाचा. इथे 10 सेकंदांत वेग शून्यावरून सेकंदाला 12 मीटर झाला, 30व्या सेकंदापर्यंत तसाच राहिला आणि 36व्या सेकंदाला शून्यावर आला.

त्वरण म्हणजे रेषेचा चढ. पहिल्या तुकड्यात 12 भागिले 10, म्हणजे 1.2 मीटर प्रति सेकंद वर्ग. मधे शून्य. शेवटी 6 सेकंदांत 12 कमी, म्हणून उणे 2. इथे अनेक जण 36ने भागतात! भागायचं असतं ते त्या तुकड्याच्या काळाने.

विस्थापन म्हणजे रेषेखालचं क्षेत्रफळ: त्रिकोणाचे 60, आयताचे 240, शेवटच्या त्रिकोणाचे 36, एकूण 336 मीटर. शेवटचं त्वरण उणे असलं तरी ते 36 मिळवायचेच, कारण रेषा अक्षाच्या वरच आहे. बस मागे गेलेली नाही.

अंधुक फोटोत 12 ऐवजी साडेबारा वाचलं, तर एकट्या आयतातच 10 मीटरचा फरक पडतो.