पहाटेची साखर



मधुमेहावर बोलायला उभे राहिले की श्रोत्यांच्या दोन ओळी नेहमी दिसतात. ज्यांना हा विकार आहे ते एका ओळीत, आणि ज्यांच्या घरी तो आहे ते दुसऱ्या. आजचे आमचे बोलणे ह्या दोन ओळींमध्ये जी एक तक्रार वर्षानुवर्षे चालत आलेली आहे तिच्यापुरतेच आहे. ती तक्रार अशी, की रात्री जेवून झोपले, मध्ये काही खाल्ले नाही, तरी सकाळी उपाशीपोटी साखर रात्रीपेक्षा जास्त कशी? रोगी म्हणतो, मी काही खाल्ले नाही. घरचे म्हणतात, मग ही साखर आली कोठून? आणि प्रश्न एवढा सरळ असतो की खाण्याखेरीज त्याला दुसरे उत्तर असेल असे कोणाला वाटत नाही.

आम्हांलाही एकदा वाटले नव्हते. बासष्ट वर्षांच्या एक बाई आमच्याकडे येत. मेटफॉर्मिनच्या गोळ्या नेमाने घेत. जेवणानंतरची साखर ठीक असे, पण उपाशीपोटीची दर वेळी दीडशेच्या पुढे. एके दिवशी सूनबाई बरोबर आल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टर, आता तुम्हीच आईंना समजावा. आम्ही लाडवांचा डबा कपाटात कुलपात ठेवला, तरी सकाळची साखर उतरत नाही." बाई मान खाली घालून बसल्या होत्या. आम्ही त्यांना समजावले, म्हणजे चार शब्द कडकच सुनावले. त्या एवढेच म्हणाल्या, "देवाशपथ, मी रात्री पाण्याखेरीज काही घेत नाही." आम्ही ते ऐकले आणि सोडून दिले. चूक आमची होती, हे पुढे कळले.

रक्तातली साखर येते कोठून, ह्याचा हिशेब आधी मांडू. माणसाच्या अंगात सुमारे पाच लिटर रक्त असते. साखर शंभर असली तर त्या सगळ्या रक्तात मिळून साखर भरते अवघी पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा. मेंदू तर रात्रंदिवस साखर खर्च करतो, झोपेतही. हा चमचा तासाभरातच संपावा. तो संपत नाही, कारण यकृत मागून भर घालत असते. दिवसा जेवणातून आलेली साखर ते साठवून ठेवते आणि रात्री थोडी थोडी सोडते. शिवाय इतर द्रव्यांपासून नवी तयारही करते. साठ किलो वजनाच्या माणसात ही भर ताशी सुमारे सात ग्रॅम असते. म्हणजे आठ तासांच्या झोपेत पन्नास-पंचावन्न ग्रॅम साखर यकृतातून रक्तात उतरते. तोंडाने काही न घेता! तेव्हा "काही खाल्ले नाही तर साखर आली कोठून" ह्याचे पहिले उत्तर मिळाले. ती घरातल्या कोठारातूनच आली.

आता ह्या कोठाराच्या दारावर पहारा असतो इन्सुलिनचा. इन्सुलिन असले की यकृत हात आखडते. इन्सुलिन कमी पडले की सैल सोडते. दुसऱ्या बाजूने काही रसद्रव्ये यकृताला साखर सोडायला लावतात. वाढीचे संप्रेरक झोपेच्या पहिल्या प्रहरात उसळते आणि त्याचा परिणाम पुढे काही तासांनी जाणवतो. कॉर्टिसॉल पहाटे तीन-चारपासून चढू लागते आणि जागे होण्याच्या सुमारास सर्वांत वर असते. शरीर दिवसाच्या कामाची तयारी करते आहे असे समजा. ज्याला मधुमेह नाही त्याच्या अंगातही हे रोज घडते. त्याचे स्वादुपिंड मात्र त्याच वेळी थोडे जास्त इन्सुलिन सोडते आणि साखर जागच्या जागी राहते. मधुमेह्याच्या अंगात ही जोड मिळत नाही. म्हणून पहाटेनंतर साखर चढते. ह्या प्रकाराला 1981 साली इंग्रजीत 'डॉन फिनॉमिनन' असे नाव मिळाले. आपण त्याला पहाटेची चढण म्हणू.

ह्या बाईंना आम्ही शेवटी ग्लुकोमीटर दिला आणि सांगितले, की तीन रात्री, एकाआड एक, तीन वेळा बोट टोचून आकडे लिहा: झोपताना, पहाटे तीनला आणि उठल्यावर. तीनचा गजर सूनबाईंनीच लावला आणि पट्टीवर रक्ताचा थेंबही त्यांनीच घेतला. एका रात्रीचे आकडे असे होते. झोपताना 126, तीनला 118, सातला 151. इतर दोन रात्रींतही हीच रीत. तीनपर्यंत साखर सपाट, किंबहुना जराशी उतरलेली, त्यानंतर चढण. रात्री कोणी लाडू खाल्ला असता तर तीनचा आकडा गप्प बसला नसता. कुलूप त्याच दिवशी निघाले. आम्ही बाईंची माफी मागितली.

पण गोष्ट एवढ्यावर संपत नाही. सकाळची साखर जास्त असण्याला दुसरेही एक कारण सांगितले जाते, आणि ते पहिल्याच्या नेमके उलट आहे.

अडुसष्ट वर्षांचे एक गृहस्थ दोन वेळा मिश्र इन्सुलिन टोचून घेत. ज्याला तीस-सत्तर म्हणतात ते. त्यात तीस भाग लवकर काम करणारे आणि सत्तर भाग सावकाश करणारे. रात्रीच्या जेवणाआधीची मात्रा 16 युनिट होती. उपाशीपोटीची साखर 210 आली. जास्त साखरेला जास्त इन्सुलिन, ह्या सरळ न्यायाने मात्रा 18 झाली, मग 20. साखर उतरावी ती 232 झाली. आणखी वाढवायची का, असा विचार चालू असताना त्यांच्या पत्नी सहज बोलून गेल्या, "ह्यांना हल्ली रात्री फार घाम येतो. पंखा चालू असून बनियन भिजतो. झोपेत काहीबाही बडबडतात, आणि सकाळी डोके धरून बसतात." हे वाक्य त्यांनी सांगितले नसते तर मात्रा 22 झाली असती.

त्या रात्री झोपताना साखर 142 होती. पहाटे तीनला 52! सत्तरच्या खाली म्हणजे कमी, आणि पन्नासच्या जवळ म्हणजे धोक्याची. बाईंनी तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजले, सत्तरच्या वर आल्याची खात्री केली आणि मगच झोपल्या. असे का झाले ते पाहा. जेवण आठ वाजता. सत्तर भागांतले सावकाश इन्सुलिन जोरात येते सुमारे सहा तासांनी, म्हणजे दोन-तीनला. तोवर जेवण पचून गेलेले. पहारा सर्वांत कडक, आणि बाहेरून येणारे काही नाही.

मग सकाळी साखर 232 कशी? ह्याचे एक स्पष्टीकरण मायकेल सोमोगी ह्या रसायनशास्त्रज्ञाने दिले. मूळचे हंगेरीचे, काम अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात. त्यांचे म्हणणे असे, की साखर फार खाली गेली की शरीर घाबरून ॲड्रेनॅलिन, ग्लुकॅगॉन, कॉर्टिसॉल अशी संकटकाळची द्रव्ये सोडते, यकृत कोठार उघडते आणि साखर उसळी मारून पूर्वीपेक्षा वर जाते. इन्सुलिनचा अतिरेकच मधुमेह बिघडवतो, हा विचार त्यांनी 1959 सालच्या निबंधात सविस्तर मांडला. पुढे अनेक वर्षे सकाळच्या चढ्या साखरेचे हेच कारण असणार, असे डॉक्टर धरून चालले.

येथे आम्हांला प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगितली पाहिजे. दंडाला सेन्सर चिकटवून रात्रभर दर काही मिनिटांनी साखर नोंदता येऊ लागली, तेव्हा असे दिसले की रात्री साखर उतरलेली असली तर सकाळी ती बहुधा कमीच सापडते, जास्त नाही. उसळी अजिबात येत नाही असे नव्हे, पण ती समजली जात होती त्यापेक्षा पुष्कळ विरळ आहे. ह्या गृहस्थांना आम्ही चौदा दिवस सेन्सर लावला. काही रात्री साखर अडीचला पंचावन्नच्या आसपास आणि सातला दोनशेपर्यंत, मध्ये काही न खाता. त्यात उसळीचा भाग किती, आणि पहाटेपर्यंत इन्सुलिनचा जोर ओसरल्याचा व पहाटेच्या चढणीचा किती, हे वेगळे काढणे अवघड आहे. पण उपायासाठी ते वेगळे काढण्याची गरज नव्हती. तीनला 52 असताना रात्रीची मात्रा वाढवणे चूक, एवढे पुरेसे होते. मिश्र मात्रा बंद केली. जेवणाआधी थोडे लवकर काम करणारे, आणि झोपताना दिवसभर सपाट चालणारे इन्सुलिन दिले. एकूण युनिटे कमी झाली आणि तरी सकाळची साखर दीडशेच्या आत आली. बनियन भिजणे थांबले.

म्हणून सगळा निवाडा तीन वाजताच्या आकड्यावर आहे. झोपताना बरी, तीनला बरी, सकाळी जास्त: ही पहाटेची चढण. तीनला सत्तरच्या खाली: मात्रा चुकते आहे, डॉक्टरांना लगेच कळवा. झोपतानाच जास्त आणि रात्रभर जास्त: मग दोष पहाटेचा नाही, रात्रीच्या जेवणाचा किंवा औषध अपुरे पडल्याचा आहे. एका रात्रीवरून ठरवू नका. ग्लुकोमीटरमध्ये दहा-पंधरा टक्क्यांचा फरक नेहमीचाच. सेन्सर लावला असेल तर त्याच कुशीवर झोपल्याने दाब पडून खोटा कमी आकडा येतो. शंका आली की बोट टोचून पाहावे. आणि एक लक्षात ठेवा: नुसत्या मेटफॉर्मिनने साखर अशी खाली जात नाही. इन्सुलिन घेणाऱ्यांनी, तसेच ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी रात्रीच्या घामाकडे, वाईट स्वप्नांकडे आणि सकाळच्या डोकेदुखीकडे दुर्लक्ष करू नये.

पहाटेच्या चढणीवर रात्री उपाशी झोपणे हा इलाज नाही. कोठार यकृतात आहे, ताटात नाही. जेवण थोडे लवकर, त्यानंतर अर्धा तास चालणे आणि औषधाची वेळ डॉक्टरांकडून बदलून घेणे ह्यांनी फरक पडतो. त्या बाईंचे आम्ही तेच केले. उपाशीपोटीची साखर आता 130च्या आसपास असते. संध्याकाळी सासूसुना दोघी मिळून फिरायला जातात, आणि लाडवांचा डबा पूर्वीच्याच जागी, उघड्या फळीवर आहे.