चहा निवतो कसा?

चहाचा पेला टेबलावर ठेवला कीं तो निवूं लागतो. पण सारख्या वेगानें निवत नाहीं. आरंभीं उष्णतामान झरझर उतरतें, पुढें तें रेंगाळतें. न्यूटननें १७०१ सालीं आपलें नांव न घालतां प्रसिद्ध केलेल्या एका निबंधांत याचा नियम आढळतो. पदार्थ भोंवतालच्या हवेपेक्षां जितका अधिक उष्ण, तितक्या प्रमाणांत तो त्वरेनें निवतो. म्हणून चहाच्या उष्णतामानांतून खोलीचें उष्णतामान वजा करून जें आधिक्य उरतें, तेंच पाहावयाचें. दर मिनिटास या आधिक्याचा केवढा अंश नाहींसा होतो हें दाखविणारा अंक म्हणजे शीतलनाचा स्थिरांक.

खोलीचें उष्णतामान २८ अंश सेंटिग्रेड आहे आणि उघड्या पेल्यांतील चहा आरंभीं ८४, दहा मिनिटांनीं ६६, वीस मिनिटांनीं ५५ व तीस मिनिटांनीं ४८ अंशांवर आला, असें समजावें. आधिक्यें अनुक्रमें ५६, ३८, २७ आणि २० झालीं. आतां ५६ ला ३८ नें भागावें, त्या भागाकाराचा लॉगरिथम कोष्टकांतून घ्यावा, त्यास २.३०३ नें गुणावें आणि मधल्या दहा मिनिटांनीं भागावें. स्थिरांक ०.०३९ येतो. हीच रीत पुढें चालविली असतां दुसऱ्या दहा मिनिटांस ०.०३४ आणि तिसऱ्यांस ०.०३० अंक मिळतो. पहिल्या अंकावर विसंबून तिसाव्या मिनिटाचें भाकीत केल्यास तें साडेपंचेचाळीस अंश निघतें. चहा मात्र ४८ वर असतो.

स्थिर म्हटलेला अंक असा कां घसरतो? मुख्य कारण वाफ. ८४ अंशांवरील आधिक्य ४८ अंशांवरील आधिक्याच्या तिपटीहूनही कमी. परंतु वाफेचा दाब जवळजवळ पांचपट असतो. त्यामुळें आरंभीं वाफेवाटे जाणारी उष्णता नियमाच्या प्रमाणाबाहेर असते.

याची पारख सोपी आहे. त्याच पेल्यावर बशी झांकून पुन्हां नोंदी घ्याव्या. उष्णतामान ८४ वरून दहा मिनिटांनीं ७१ व वीस मिनिटांनीं ६१ झालें, तर दोन्ही वेळां स्थिरांक ०.०२६ येतो, म्हणजे आधिक्य निम्में होण्यास सुमारें सव्वीस मिनिटें लागतात. झांकूनही अंक घसरतच राहिला, तर खोलीचें उष्णतामान तपासावें. तें दोन अंशांनीं कमी धरलें गेल्यास ५६ चे ५८ होऊन फारसें बिघडत नाहीं. पण २० चे २२ होतात, आणि शेवटचा स्थिरांक उगाच लहान दिसतो. यासाठीं हवेचा थर्मामीटर पेल्याच्या जवळपास, परंतु त्याच्या वाफेपासून दूर ठेवावा. आणि उघड्या पेल्याचा स्थिरांक सांगतांना तो कोणत्या उष्णतामानांमधला, हेंही सांगावें.