तीसपट म्हणजे किती क्विंटल?



लोह्यातल्या उपासनेला शेतकरी येतात, तशी नांदेडहून नोकरदार कुटुंबेही येतात. मत्तयाच्या 13व्या अध्यायातील पेरणाऱ्याच्या दाखल्यावर मी संदेश लिहिला आणि आदल्या रात्री एका शेतकरी काकांना वाचून दाखवला. त्यांनी मध्येच थांबवले. "पास्टर, वाटेवर बी टाकणारा कसला शेतकरी? त्याची तिफण कुठं होती?"

चूक माझी होती. येशूच्या देशात बी मुठीने फोकून पेरत, म्हणून काही वाटेवर पडे. हे वाक्य मी सुरुवातीला घातले. त्याने शेतकऱ्याची शंका फिटते आणि तिफण न पाहिलेल्या शहरी मुलालाही चित्र दिसते.

मग आले तीसपट, साठपट, शंभरपट. तिथले धान्य गहू-जव. आम्ही सोयाबीनवर मोजले. एकरी 30 किलो बियाणे, तर तीसपट म्हणजे 9 क्विंटल, आपल्याकडचे चांगले पीक. शंभरपट म्हणजे 30 क्विंटल! काका म्हणाले, "एवढं कुठं होतंय?" ऐकणाऱ्यांनाही तसेच नवल वाटले असेल, हे मला तेव्हा उमगले.

हिशेब मी तिथेच थांबवला. उदाहरण फार ताणले की लोक सोयाबीनच्या भावाकडे वळतात. दाखला मात्र वचन ऐकणाऱ्या मनाचा आहे.