मटाराच्या दाण्याएवढे अ‍ॅडापलीन

झाशीच्या माझ्या भाचीने मुरुमांसाठी अ‍ॅडापलीनचे जेल आणले. दुकानदाराने चिठ्ठी मागितली नाही. “मावशी, हे रेटिनॉलच ना?” म्हणत तिने ते रोज रात्री सीरमसारखे चोपडले. आठवड्यात नाकाच्या कडा सोलल्या, ओठांचे कोपरे चरचरू लागले. त्यात झाशीची मे महिन्यातली लू!

रेटिनॉल सौंदर्यप्रसाधनांत असते. त्वचा त्याचे दोन टप्प्यांत रेटिनॉइक आम्ल करते, तेव्हा कुठे ते काम करते. अ‍ॅडापलीनला हा फेरा नाही. ते पेशींवर थेट काम करते आणि छिद्रे तुंबू देत नाही. ते औषध आहे. अमेरिकेतही 0.1 टक्के जेलला 2016 मध्ये चिठ्ठीशिवाय विक्रीची परवानगी मिळाली.

भाचीला मी आधी थांबवले. त्वचा शांत झाल्यावर नव्याने सुरुवात केली. चेहरा धुऊन पूर्ण कोरडा करायचा, साधे मॉइश्चरायझर लावायचे, मग मटाराच्या दाण्याएवढे जेल सगळ्या चेहऱ्यावर पसरायचे. नुसत्या पुटकुळीवर ठिपका देऊन भागत नाही, कारण पुढची पुटकुळी अजून दिसतच नसते. डोळे, ओठ, नाकाच्या कडा सोडायच्या. दोन आठवडे दर तिसऱ्या रात्री, मग एकाआड, मग सोसेल तसे रोज. रेटिनॉल बंद, सकाळी सनस्क्रीन.

सुरुवातीला मुरूम थोडे वाढू शकतात. खरा फरक बाराव्या आठवड्याच्या सुमारास दिसतो. थोडी सालपटे चालतील, पण सूज किंवा फोड आले तर जेल बंद करून डॉक्टरांना दाखवा. गरोदर असाल, तर लावूच नका.